तीन खडे उजवीकडे, दोन डावीकडे, तरी म्हणे ‘पांढरा जिंकला’: गोमोकूमधला परत परत उगवणारा बग

रविवारी संध्याकाळी भाची टॅब घेऊन आली आणि म्हणाली, “मामा, तुझा गेम खोटं बोलतो.” पाहिलं तर खरंच. पांढऱ्याचे तीन खडे एका रांगेत उजव्या काठाला टेकलेले, दोन खडे त्याखालच्या रांगेत डाव्या काठाला. मधे अख्खा पट रिकामा. आणि वर हिरव्या अक्षरांत पाटी: पांढरा जिंकला. गंमत म्हणजे दोनच आठवड्यांपूर्वी मी याच्या उलटा बग दुरुस्त केला होता. तेव्हा खरोखर पाच जुळले तरी प्रोग्राम ढिम्म होता.

गोमोकू हा जपानी खेळ. 15 बाय 15 चा पट, काळा आधी खेळतो, आडवे, उभे किंवा तिरपे पाच खडे सलग लागले की जिंकला. आपला फुल्ली-गोळाच, फक्त मोठा. चौकटीच्या वहीवर पेन्सिलीने सहज खेळता येतो. खरे खडे रेघांच्या छेदावर ठेवतात, पण इथे मी त्या जागेला ‘घर’च म्हणतो. नियम इतका सोपा असल्यामुळे विजयाची तपासणी आपण दहा मिनिटांत लिहून मोकळे होतो आणि मग महिनाभर तीच दुरुस्त करत बसतो.

आधी भाचीने पकडलेला खोटा विजय. माझा पट एका लांब यादीत होता, 225 घरांची. घराचा नंबर म्हणजे `रांग * 15 + कॉलम`, मोजणी शून्यापासून. उजवीकडे जायचं तर 1 मिळवायचा, खाली जायचं तर 15, खाली-उजवीकडे 16, खाली-डावीकडे 14. चार दिशा, चार आकडे. दिसायला फार सुबक.

आता पांढऱ्याचे खडे पाहा. रांग 6, कॉलम 12, 13, 14: नंबर 102, 103, 104. रांग 7, कॉलम 0 आणि 1: नंबर 105 आणि 106. डोळ्यांना दोन वेगळ्या टोकांचे तुकडे दिसतात, यादीला मात्र 102 ते 106 असे सलग पाच. यादीला काठ माहीतच नाही. रांग संपली की तिच्या दृष्टीने पुढची रांग लागलीच सुरू होते.

हे कळल्यावर सगळे जे करतात तेच मीही केलं: आडव्या तपासणीत ‘कॉलम 14 असेल तर थांब’ अशी अट घातली. बग गेला. आठवड्याने तिरप्या रेषेत परत आला. तिथला खोटा विजय ओळखायला जास्त अवघड, कारण खडे विचित्र विखुरलेले दिसतात. (3,2), (4,1), (5,0), आणि मग (5,14), (6,13). नंबर काढा: 47, 61, 75, 89, 103. दर वेळी बरोबर 14 ची भर. डाव्या काठावरून खाली-डावीकडे पाऊल टाकलं की आपण त्याच रांगेच्या उजव्या टोकाला पोचतो, कारण 75 मध्ये 14 मिळवले की 89, आणि 89 हे रांग 5 चंच शेवटचं घर. दुसऱ्या तिरप्या दिशेत उजव्या काठावरून 16 मिळवले तर एक रांग चक्क गाळून आपण दोन रांगा खाली डावीकडे उतरतो. म्हणजे प्रत्येक दिशेला वेगळी अट हवी, दोन्ही बाजूंना हवी, आणि यातली एक जरी विसरली तरी बग जिवंत. माझ्याकडून दर वेळी एक विसरायची.

यादीऐवजी रांगा-कॉलमांची दुहेरी यादी वापरली तर सुटका होते, असं वाटतं. पायथॉनमध्ये होत नाही. `board[15][3]` लिहिलं तर प्रोग्राम लगेच `IndexError` देऊन आपटतो, म्हणून खालच्या काठाची अट आपण निमूट घालतो. पण `board[-1][3]` म्हणजे पायथॉनच्या हिशेबाने शेवटची रांग. तिथे काही ओरड होत नाही. कॉलम 3 मध्ये रांग 2, 1, 0 वर आणि खाली रांग 14, 13 वर काळे खडे असतील तर वर वर मोजत जाणारा लूप 2, 1, 0, -1, -2 असा चालतो आणि पाच मोजून परत येतो. एका काठावर प्रोग्राम आरडाओरडा करतो, दुसऱ्या काठावर गुपचूप फसवतो. त्यामुळे ‘वरच्या कोपऱ्यात खेळलं की कधीकधी चुकतं’ अशी तक्रार आली, तर आधी ऋण इंडेक्स शोधावा.

अटींच्या मागे धावणं सोडून मी पटाला कुंपण घातलं. पटाभोवती अशी घरं ठेवायची की ज्यांत काळा नाही, पांढरा नाही, रिकामंही नाही, चौथाच काहीतरी आकडा आहे. मोजणारा लूप आपल्या रंगाचं घर मिळेपर्यंतच पुढे जातो. कुंपणाला धडकला की आपोआप थांबतो. काठाची वेगळी अट लागतच नाही, आणि जी लिहावीच लागत नाही ती विसरणार कशी?

```python
W = 16
STEPS = (1, 16, 15, 17)
EMPTY, BLACK, WHITE, WALL = 0, 1, 2, 3

board = [WALL] * 273
for r in range(15):
    for c in range(15):
        board[(r + 1) * W + c + 1] = EMPTY
```

एका रांगेत 15 घरं आणि डावीकडे एक कुंपण, म्हणून रुंदी 16. उजवीकडे वेगळं कुंपण नाही, कारण उजव्या काठावरून एक पाऊल पुढे गेलं की पुढच्या रांगेचं डावं कुंपणच लागतं. भाचीचे पाच खडे आता कुठे पडतात ते मोजा: 125, 126, 127, मग 128 वर कुंपण, मग 129 आणि 130. साखळी तुटली. तिरपं उदाहरणही वहीवर करून बघा, तिथेही मधे कुंपण येतं.

तो 273 आकडा मात्र मला एक अख्खी संध्याकाळ शिकवून गेला. वर एक रांग, खाली एक रांग, मधे 15: एकूण 17 रांगा गुणिले 16, म्हणजे 272. मी 272 च लिहिलं होतं. दोन दिवस सगळं ठीक. मग खेळ मधेच बंद पडू लागला, पण केव्हा पडेल याचा नेम नाही. शेवटी लक्षात आलं की कोणी अगदी खालच्या-उजव्या कोपऱ्यात खडा ठेवला तरच पडतो. त्या घराचा नंबर 255. तिथून खाली-उजवीकडे 17 मिळवले की 272, आणि 272 घरांच्या यादीत शेवटचा नंबर 271. एकच घर कमी. कोपऱ्यात सहसा कोणी खेळत नाही, म्हणून बग इतके दिवस दडून राहिला. सी भाषेत लिहिलं असतं तर कदाचित बंदही पडला नसता, शेजारच्या मेमरीतलं काहीबाही वाचून पुढे गेला असता. ज्यांना असा हिशेब नको त्यांनी सरळ 17 बाय 17 चा पट घ्यावा, चारी बाजूंनी कुंपण घालावं आणि पावलं 1, 17, 16, 18 करावीत. थोडी घरं वाया जातील, जाऊ द्यात.

आता उलटा बग: खरे पाच जुळले तरी पाटी नाही. माझा जुना कोड शेवटच्या खड्यापासून आठ दिशांना जायचा आणि कुठल्या तरी एका दिशेला सलग पाच मिळतात का पाहायचा. मी चाचणी घेताना खडे ओळीने ठेवायचो, एकापुढे एक, त्यामुळे शेवटचा खडा नेहमी टोकाला यायचा आणि तपासणी पास व्हायची. खरा खेळाडू असं खेळत नाही. तो दोन इकडे, दोन तिकडे ठेवतो आणि शेवटी मधली फट बुजवतो. त्या मधल्या खड्यापासून डावीकडे स्वतःसकट तीन, उजवीकडेही तीन. पाच कुठेच नाहीत.

दिशा आठ नसून चारच आहेत, प्रत्येकीला दोन तोंडं आहेत, आणि दोन्ही तोंडांकडची मोजणी एकत्र करायची असते:

```python
def run(p, step):
    me = board[p]
    n = 1
    q = p + step
    while board[q] == me:
        n += 1
        q += step
    q = p - step
    while board[q] == me:
        n += 1
        q -= step
    return n

def wins(p):
    return any(run(p, s) >= 5 for s in STEPS)
```

`n = 1` कुठे लिहिलंय याकडे नीट बघा, कारण ही दुरुस्ती करताना दोन नवे बग हमखास जन्माला येतात. पहिला: दोन्ही तोंडांची मोजणी वेगळ्या फंक्शनने केली आणि प्रत्येकाने स्वतःचा खडाही धरला, तर मधला खडा दोनदा मोजला जातो आणि चारालाच विजय मिळतो. लक्षण सोपं आहे, डाव सारखे एक खडा आधीच संपतात. दुसरा: `n` दिशांच्या लूपबाहेर एकदाच 1 केला आणि दर दिशेला परत 1 वर आणला नाही. मग आडवे शेजारचे दोन आणि उभे शेजारचे दोन मिळून बेरीज पाच होते, आणि काटकोनात ठेवलेले खडे जिंकतात. कोणी ‘एल आकार केला की जिंकता येतं’ असं म्हणालं की दुसरीकडे शोधूच नका.

आणखी एक, छोटा पण छळणारा. `me = board[p]` हे खडा ठेवल्यानंतर चाललं पाहिजे. आधी तपासलं तर `me` शून्य असतं, प्रोग्राम रिकाम्या घरांची ओळ मोजतो, आणि मोकळ्या पटावर पहिल्याच चालीला विजय जाहीर होतो. पाळी बदलून मग ‘सध्याच्या खेळाडूचा’ रंग तपासणाऱ्यांचंही असंच होतं. तिथे विजय एक चाल उशिरा किंवा भलत्याच्या नावावर दिसतो. रंग नेहमी घरातूनच वाचावा, पाळीच्या व्हेरिएबलवर विसंबू नये.

फक्त शेवटच्या खड्याभोवती पाहिलं तर पुरतं का, हा प्रश्न मला दर वेळी कोणीतरी विचारतो. पुरतं, कारण नवा विजय झाला असेल तर त्या ओळीत नवा खडा असणारच. तो नसता तर डाव आधीच संपला असता. पूर्ण पटावर पाचाच्या ओळी किती? आडव्या 15 रांगांत प्रत्येकी 11, म्हणजे 165. उभ्या तितक्याच. प्रत्येक तिरप्या दिशेला 11 गुणिले 11, म्हणजे 121. एकूण 572. यातल्या एका घरातून जास्तीत जास्त 20 जातात, चार दिशांना पाच-पाच. वरच्या कोडला त्या वीसही वेगळ्या तपासाव्या लागत नाहीत. चालीआधी कुणाचे पाच झालेले नाहीत, म्हणून प्रत्येक तोंडाला आपले जास्तीत जास्त चार खडे आणि त्यापुढे थांबवणारं एक घर. म्हणजे एका दिशेला दहा, चारी दिशांना चाळीस घरं, यापलीकडे काही नाही. प्रत्यक्षात बहुतेक चालींना आठ-दहा घरांतच काम आटपतं. दोन माणसं खेळत असतील तर अख्खा पट पिंजला तरी कुणाला कळणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. फरक पडतो तो संगणक स्वतः चाली शोधतो तेव्हा, कारण तेव्हा ही तपासणी एका चालीसाठी लाखो वेळा चालते.

वरच्या हिशेबात एक पळवाट आहे, आणि ती नियमात आहे. मी `>= 5` लिहिलं, म्हणजे सहा जुळले तरी विजय. याला मोकळा नियम म्हणू. काटेकोर गोमोकूत बरोबर पाचच लागतात. तीन खडे, फट, दोन खडे अशी फट बुजवली तर सहा होतात आणि तो विजय नसतो. तिथे `== 5` लिहावं. पण मग पटावर सहाच्या ओळी राहू शकतात, आणि ‘प्रत्येक तोंडाला जास्तीत जास्त चार’ हा हिशेब तिथे लागू नाही. कोड तरीही बरोबर चालतो, कारण तो चारावर थांबत नाही, वेगळा रंग, रिकामं घर किंवा कुंपण लागेपर्यंत जातो. ज्यांनी वेग वाढवायला म्हणून लूप चार पावलांवर तोडलाय, त्यांना मात्र इथे चुकीची उत्तरं मिळतात: डावीकडे आधीच सहा, उजवीकडे शून्य असेल तर लूप चारच मोजतो आणि साताची ओळ पाचाची ठरवतो.

रेन्जू या भावंड-खेळात तर रंगाप्रमाणे नियम बदलतो. पांढऱ्याने सहा केले तरी तो जिंकतो, काळ्याला सहा करायला मनाई. आणि काळ्याचा एकच खडा एका दिशेला बरोबर पाच आणि दुसऱ्या दिशेला सहा करत असेल तर पाच वरचढ, काळा जिंकला. म्हणून काळ्यासाठी आधी चारी दिशांत `== 5` शोधावं, कुठेच नसेल तरच सहाची मनाई बघावी. क्रम उलटा केला तर जिंकलेला काळा हरतो.

चारच्या खेळात, म्हणजे कनेक्ट फोरमध्ये, पट 7 कॉलम आणि 6 रांगांचा आणि चकत्या वरून पडतात. जिंकायच्या ओळी एकूण 69. वरचाच कोड थोडा बदलून चालतो; उभ्या दिशेला तर फक्त खालीच पाहायचं, शेवटच्या चकतीच्या वर काही नसतंच. पण इतक्या छोट्या पटासाठी एका खेळाडूच्या सगळ्या चकत्या एकाच पूर्णांकाच्या बिटांत मावतात आणि चारी दिशा काही मोजक्या क्रियांत तपासता येतात:

```python
def four(b):
    for s in (1, 7, 6, 8):
        m = b & (b >> s)
        if m & (m >> 2 * s):
            return True
    return False
```

पहिल्या ओळीत शेजारी-शेजारी जोड्या सापडतात, दुसरीत जोडीपुढची जोडी. दोन अधिक दोन, चार. गंमत बघा, कॉलममध्ये घरं 6 असली तरी प्रत्येक कॉलमला 7 बिट दिलेले असतात. सातवा बिट कायम शून्य. तेच आपलं कुंपण! बिट वाचवायला कोणी 6 च दिले की एका कॉलमच्या माथ्यावरच्या दोन चकत्या शेजारच्या कॉलमच्या तळच्या दोघींशी जुळून चार होतात. भाचीचाच बग, फक्त उभा.

याच कोडचं जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर करताना एका मित्राचा पट भुताने झपाटल्यासारखा वागत होता. सहाव्या कॉलमच्या तळाला चकती टाकली की पहिल्या कॉलमच्या चौथ्या घरात दिसायची. 7 गुणिले 7 म्हणजे 49 बिट लागतात, आणि तिथल्या बिटांच्या क्रिया 32 बिटांवरच चालतात. `1 << 35` चं उत्तर 8 येतं, म्हणजे शून्यापासून मोजला तर तिसरा बिट. `BigInt` वापरल्यावर भूत पळालं.

एवढं करूनही पुन्हा बग आला तर शोधायचा कसा? मी एक हळू पण साधाभोळा साक्षीदार लिहून ठेवलाय. त्याचा पट वेगळा, नंबरांचं गणित वेगळं, कुंपण नाही. ओळीचं शेवटचं घर पटावर आहे का पाहतो आणि मगच पाच घरं वाचतो:

```python
def slow(color):
    for r in range(15):
        for c in range(15):
            for dr, dc in ((0, 1), (1, 0), (1, 1), (1, -1)):
                er, ec = r + 4 * dr, c + 4 * dc
                if er > 14 or ec < 0 or ec > 14:
                    continue
                if all(grid[r + i * dr][c + i * dc] == color
                       for i in range(5)):
                    return True
    return False
```

मग संगणकाला रँडम चाली खेळायला लावायच्या, प्रत्येक चालीनंतर दोघांना विचारायचं, आणि जिथे मतभेद होईल तिथे थांबून पट छापायचा. शिवाय 572 पैकी प्रत्येक ओळ मोकळ्या पटावर मांडायची आणि पाचांतला प्रत्येक खडा आळीपाळीने शेवटी ठेवून पाहायचा, म्हणजे 2860 चाचण्या. फट बुजवण्याचा बग यातून निसटूच शकत नाही.

मी हे पहिल्यांदा चालवलं तेव्हा पहिल्याच चालीला भांडण. नवा कोड म्हणाला काही नाही, साक्षीदार म्हणाला काळा जिंकला. पटावर एकच खडा होता. अर्धा तास मी नव्या कोडकडेच संशयाने बघत बसलो. मग `grid` छापून पाहिला, तर तो एक खडा सगळ्या पंधरा रांगांत दिसत होता. साक्षीदाराचा पट मी असा बनवला होता:

```python
grid = [[0] * 15] * 15
```

ही पंधरा रांगांची यादी नव्हेच, एकाच रांगेची पंधरा नावं आहेत. एकीत खडा ठेवला की सगळ्यांत दिसतो आणि उभी ओळ तयार. दुरुस्ती एका ओळीची:

```python
grid = [[0] * 15 for _ in range(15)]
```

त्यानंतर दोघं रात्रभर खेळले, एकदाही भांडले नाहीत. भाचीला सांगितलं, आता गेम खरं बोलतो. तिने आधी खालच्या-उजव्या कोपऱ्यात खडा ठेवून बघितला.